हौद गळतोय, घरमालक ऐकत नाही: रागाने लिहिलेला मेल मवाळ कसा करावा, मागणी ढिली न पडता

सोलापुरात भाड्याच्या घरात नव्याने राहायला आलेल्यांना पहिल्या उन्हाळ्यातच एक गोष्ट कळते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून घर चालतं ते अंगणातल्या हौदावर. तो हौद गळत असेल तर आलेलं पाणी पुढच्या पाळीपर्यंत टिकत नाही आणि टँकर बोलवावा लागतो. घरमालक बहुतेकदा दुसऱ्या गावात असतात, पुण्याला मुलाकडे किंवा हैदराबादला. फोनवर ‘बघतो’, ‘गवंडी पाठवतो’ असं होत राहतं आणि तिसऱ्या टँकरच्या रात्री भाडेकरू मेल लिहायला बसतो. तो मेल जसाच्या तसा गेला तर घरमालकांना त्यातला राग दिसतो, हौद दिसत नाही. ते उत्तर देतात ते रागालाच.

हा लेख त्या मेलबद्दल आहे. गच्चीतून ओल येते, संडासाची लाइन तुंबते, मीटरबोर्ड जळतो, अशा कोणत्याही दुरुस्तीला हीच रीत लागू पडते. इथे उदाहरण मात्र एकच घेतलं आहे, गळक्या हौदाचं, कारण त्यात मोजून दाखवण्यासारखं खूप आहे, आणि मेलमधल्या रागाची जागा घेऊ शकतो तो मोजलेला आकडाच.

आधी हे जवळ ठेवा

- भाडेकरार, सगळ्या पानांसह. दुरुस्तीचं कलम शोधून त्यावर खूण करा.
- आतापर्यंतच्या फोनच्या तारखा (मोबाइलच्या कॉल यादीत मिळतात) आणि व्हॉट्सॲपवरचे जुने निरोप.
- टँकरच्या पावत्या. पावती मिळाली नसेल तर ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद.
- मोजपट्टी, खडू आणि फोटो काढायला मोबाइल.
- तुम्ही रागाने लिहिलेला मेल. तो पुसू नका, तोच कच्चा माल आहे.

१. राग कागदावर उतरू द्या, पण पत्त्याची जागा रिकामी ठेवा

पहिला मसुदा मनात येईल तसा लिहा. फक्त घरमालकांचा पत्ता टाकू नका. जुन्या मेलला उत्तर म्हणून लिहायला बसलात तर पत्ता आपोआप भरला जातो, म्हणून नवा कोरा मेल उघडा किंवा सरळ वहीत लिहा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेता येतो, पण सेटिंगमध्ये जास्तीत जास्त तीस सेकंदांचीच मुदत ठेवता येते, आणि राग तीस सेकंदांत उतरत नाही.

समजा जुळे सोलापुरातल्या एका घरातून लिहिलेला मसुदा असा आहे:

> काका, आता हद्द झाली. तीन आठवडे झाले सांगतोय हौद गळतोय म्हणून, पण तुम्हाला काही पडलेलीच नाही. भाडं मात्र एक तारखेला बरोबर मागता. तुमचा मुलगा इथं राहत असता तर असंच केलं असतं का? सारखे टँकर घालतोय, त्याचे पैसे कोण देणार? लवकरात लवकर काहीतरी करा, नाहीतर पुढच्या महिन्याचं भाडं विसरा. मग बघू काय करायचं ते.

या सात वाक्यांत घरमालकांनी नेमकं काय करायचं, हे कुठेच नाही. ‘काहीतरी करा’ एवढंच आहे. वाचणाऱ्याला हा मेल कठोर वाटेल, पण मागणी म्हणून तो फार कच्चा आहे. उद्या त्यांनी शेजारच्या पोराला पाठवून भेगेवर मूठभर सिमेंट थापलं, तरी ‘काहीतरी’ झालंच की!

२. प्रत्येक रागावलेल्या वाक्याखाली कोणती माहिती दबली आहे, ते शोधा

मसुदा मवाळ करायचा म्हणजे शब्द गोड करायचे, असं अनेकांना वाटतं. मग ते ‘हद्द झाली’च्या जागी ‘कृपया लक्ष द्यावे’ लिहितात आणि मेल गुळमुळीत होतो. खरं काम वेगळं आहे. रागाचं वाक्य बहुतेकदा एखाद्या तारखेच्या, मापाच्या किंवा रकमेच्या जागी बसलेलं असतं. ती तारीख, ते माप सापडलं की रागाचं वाक्य आपोआप नकोसं होतं.

‘तीन आठवडे झाले सांगतोय’ याच्या खाली दोन तारखा आहेत. १८ एप्रिलला फोन झाला आणि काका म्हणाले, दोन दिवसांत गवंडी पाठवतो. २ मे रोजी व्हॉट्सॲपवर आठवण केली. या दोन तारखा ओळीने लिहिल्या की उशीर किती झाला ते वाचणाऱ्यालाच दिसतं, तुम्हाला बोलून दाखवावं लागत नाही.

‘तुम्हाला काही पडलेलीच नाही’ याच्या खाली काहीच नाही. हा समोरच्याच्या मनाविषयीचा अंदाज आहे. तो खरा असला तरी सिद्ध करता येत नाही आणि घरमालक नेमका हाच धागा पकडून भांडतात. हे वाक्य जाऊ द्या. ‘भाडं मात्र बरोबर मागता’ हा टोमणा आहे, पण त्याच्या खाली तुमच्या बाजूची एक भक्कम गोष्ट आहे: तुमचं भाडं वेळेवर जातं. ती साध्या वाक्यात सांगा: ‘मे महिन्याचे भाडे १ तारखेला जमा केले आहे.’ त्यात टोचणारं काही नाही, पण वजन आहे.

मुलाविषयीचा प्रश्न पूर्ण काढून टाका. घरच्या माणसाला मध्ये आणलं की दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. सोलापुरात अनेक घरमालकांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. मराठी त्यांना उत्तम येते, पण लेखी टोमणा, म्हण किंवा वाकडा प्रश्न कधी कधी तुम्हाला हवा त्याहून जास्त लागतो. साधं विधान कोणीही चुकीचं वाचत नाही.

‘सारखे टँकर’ म्हणजे किती? दोन असतील तर दोन लिहा, पावत्यांची रक्कम लिहा. ‘सारखे’, ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द दिसले की समजा, तिथे आकडा टाकायचा राहून गेला आहे.

३. हौद खरंच किती गळतो, ते एका रात्रीत मोजा

या पायरीवर जरा वेळ घालवा. ‘हौद गळतोय’ यावर घरमालकांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘तुम्हीच पाणी जास्त वापरता.’ मोजमाप नसेल तर याला उत्तर नाही.

पाणी येऊन गेल्यावर, हौद भरलेला असताना, रात्री दहाच्या सुमारास सुरुवात करा. मोटर बंद करा आणि सकाळपर्यंत ती कोणीही चालू करणार नाही हे घरात सांगून ठेवा. नळाचं पाणी हौदात येतं त्या पाइपाची तोटीही बंद करा. ही गोष्ट बरेच जण विसरतात. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल आणि बाहेरची लाइन रिकामी असेल, तर हौदातलं पाणी उलटं लाइनीत ओढलं जाऊ शकतं. मग पातळी उतरते, पण दोष भिंतीचा नसतो, आणि गवंडी आल्यावर तुमचं म्हणणं खोटं ठरतं. झाकण लावून ठेवा, म्हणजे उन्हाने पाणी उडालं असं कोणी म्हणणार नाही. पाण्याच्या पातळीवर आतल्या भिंतीला खडूने रेघ मारा, मोजपट्टी धरून फोटो काढा. सकाळी सहाला पुन्हा तसाच फोटो.

हिशेब सोपा आहे. हौद आतून २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद असेल तर पाण्याचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. अशा हौदात पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे ३० लिटर पाणी गेलं. आपल्या उदाहरणात रात्रीतून ८ सेंटीमीटर उतरली, म्हणजे आठ तासांत २४० लिटर.

इथे एक मोह टाळा. २४० ला तीनने गुणून ‘रोज ७२० लिटर’ आणि मग चार दिवसांचे जवळजवळ तीन हजार लिटर, असं लिहू नका. पाणी भेगेच्या वर जितकं उंच तितका दाब जास्त. पातळी उतरते तशी गळतीही कमी होते, आणि पाणी भेगेच्या खाली गेलं की थांबते. घरमालकांबरोबर आलेला जाणता गवंडी हे लगेच सांगेल, आणि फुगवलेल्या एका आकड्यापायी बाकीचे खरे आकडेही संशयात पडतील. मोजलंत तेवढंच लिहा.

पातळी उतरत उतरत एका उंचीवर येऊन थांबते का, तेही पुढच्या दिवसांत बघा. थांबत असेल तर भेग साधारण त्या उंचीला आहे. शेवटच्या घोटापर्यंत उतरत असेल तर तळ किंवा तळ आणि भिंत मिळते तो कोपरा बघायला हवा. ही माहिती मेलमध्ये एका ओळीत दिलीत तर गवंड्याचं काम हलकं होतं, आणि तुम्ही तक्रारीपलीकडे जाऊन दुरुस्तीचा विचार करताय हे घरमालकांना दिसतं.

४. मागणीचे तुकडे करा आणि प्रत्येकाला तारीख द्या

‘हौद दुरुस्त करा’ ही एक मागणी वाटते, पण प्रत्यक्षात त्यात तीन कामं आहेत. गवंड्याने येऊन पाहणं. भेग खोदून, भरून, जलरोधक प्लास्टर करणं. आणि ते प्लास्टर ओलं ठेवून मुरू देणं. शेवटच्या कामाला सुमारे सात दिवस द्यावे लागतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना तर प्लास्टरला वेळेवर पाणी मारलं नाही तर ते तडकतं. म्हणजे काम दोन दिवसांचं असलं तरी हौद वापरात यायला नऊ-दहा दिवस लागणार.

हे माहीत असेल तर तारीख हवेतून काढावी लागत नाही. ८ मे रोजी मेल, १२ मेपर्यंत पाहणी, त्यानंतरच्या दोन दिवसांत काम, मग सात दिवस मुरवणं, आणि २३ मेपर्यंत हौद वापरात. ‘दोन दिवसांत दुरुस्त झालाच पाहिजे’ असं लिहिलं तर ती अशक्य मागणी होते, आणि अशक्य मागणी मोडायला घरमालकांना कोणतंही कारण पुरतं. तारखेबरोबर वारही लिहा, म्हणजे ‘मला पुढचा सोमवार वाटला’ असं होत नाही.

आणखी एक मागणी लोकांच्या लक्षातच येत नाही: हौद रिकामा असलेल्या नऊ दिवसांत पाणी साठवायचं कुठे? नळ त्या दिवसांतही येणारच. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी निदान १००० लिटरची प्लास्टिकची टाकी आणून ठेवावी, हे आत्ताच मागा. काम सुरू झाल्यावर मागितलंत तर ‘आता अजून खर्च?’ असं उत्तर येतं.

५. क्रियापदं तपासा, मागणी तिथेच घट्ट किंवा ढिली होते

मराठीत मागणीचा जोर क्रियापदाच्या शेवटात असतो. ‘पाठवा’ हा हुकूम. ‘पाठवलात तर बरं होईल’ ही आर्जव. या दोन्हींच्या मधली रूपं कामाची आहेत: ‘पाठवावा’, ‘पूर्ण व्हावे’, ‘होणे आवश्यक आहे’. यांत समोरच्याचा मान राहतो आणि नाही म्हणायला फट राहत नाही. मागणीच्या वाक्यात ‘दुरुस्ती’ किंवा ‘हौद’ कर्ता ठेवला की बोट घरमालकांकडे जात नाही. ‘तुम्ही अजून काम केलं नाही’ याऐवजी ‘काम अजून सुरू झालेले नाही’. वस्तुस्थिती तीच राहते, नुसता आरोप जातो.

पण एक ठिकाण असं आहे जिथे ‘तुम्ही’ ठेवायलाच हवं, ते म्हणजे त्यांनी दिलेला शब्द. ‘गवंडी पाठवण्याचे ठरले होते’ असं लिहिलं तर कोणी ठरवलं ते हरवतं. ‘तुम्ही गवंडी पाठवतो म्हणाला होतात’ असंच लिहा. त्यात अपमान काही नाही, त्यांचेच शब्द आहेत.

मवाळपणाच्या नावाखाली आत शिरणारे काही शब्द मात्र निर्दयपणे कापा. ‘जमल्यास’, ‘शक्य असल्यास’, ‘सवडीने’ हे तारखेच्या शेजारी बसले की तारीख मरते. ‘लवकरात लवकर’ म्हणजे कधीही नाही. ‘योग्य ती कार्यवाही’ म्हणजे काय, ते कोणालाच माहीत नसतं. ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ हेही नको, दुरुस्ती मागणं हा त्रास देणं नव्हे. ‘कृपया’ अख्ख्या मेलमध्ये एकदाच.

संबोधन बदलू नका. रोज ‘काका, तुम्ही’ म्हणत असाल तर मेलमध्ये अचानक ‘महोदय, आपण’ आलं की ते वकिलाच्या नोटिशीसारखं वाटतं. ज्यांना ‘अण्णा’ म्हणता त्यांना अण्णाच लिहा. नातं तसंच ठेवूनही मागणी ठाम राहते. आणि मेल देवनागरीतच लिहा. रोमन अक्षरांत घाईने टाइप केलेली मराठी चॅटसारखी वाचली जाते, आणि चॅट कोणी जपून ठेवत नाही.

६. ‘नाहीतर’च्या जागी तुमच्या हातातली पुढची पायरी लिहा

‘बघून घेऊ’, ‘कोर्टात खेचू’, ‘भाडं विसरा’ या धमक्यांमध्ये एक अडचण आहे. तुम्ही त्या खऱ्या केल्या नाहीत तर पुढच्या मेलला किंमत उरत नाही, आणि खऱ्या केल्या तर बहुतेकदा नुकसान तुमचंच होतं. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं थांबवणं हा सर्वांत मोठा सापळा आहे. त्या दिवसापासून वाद हौदाचा राहत नाही, थकबाकीचा होतो, आणि त्यात चूक तुमच्या बाजूला दिसते.

कायद्याचा उल्लेख करायचा तर आधी करार बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने लेखी सूचना दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त होता कामा नये. महिना ९,००० भाडं असेल तर वर्षाचं १,०८,००० आणि मर्यादा २७,००० रुपये. खर्चाचा हिशेब आणि पावत्या ठेवणं यात फार महत्त्वाचं आहे.

पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. हल्ली बहुतेकांचा अकरा महिन्यांचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ असतो, आणि अशा करारानं राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू धरला जात नाही. तुमचा करार तसा असेल तर मेलमध्ये कलम १४ टाकू नका. घरमालकांनी तो वकिलाला दाखवला तर पहिल्याच वाक्यात तुमचं म्हणणं खोडलं जाईल. त्याऐवजी करारातलं दुरुस्तीचं कलम त्याच्या क्रमांकासह लिहा. अनेक करारांत ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ असं असतं. नळाचा वायसर, टाकीचा कॉक हे किरकोळात धरले जाऊ शकतात. हौदाची भिंत हा बांधकामाचा भाग आहे, ती किरकोळात येत नाही, हे शांतपणे एका वाक्यात मांडा. करारात दुरुस्तीबद्दल काहीच नसेल तर कायद्याचं नाव न घेता तारखा आणि मोजमापावरच उभे राहा.

मग ‘नाहीतर’च्या जागी काय? तुम्ही स्वतः करू शकता, आणि नक्की कराल, अशी गोष्ट. उदाहरणार्थ: १२ तारखेपर्यंत पाहणी झाली नाही तर मी दोन गवंड्यांकडून खर्चाचा अंदाज घेऊन १३ तारखेला पाठवीन. यात धमकी नाही. पण घरमालकांना कळतं की उत्तर दिलं नाही म्हणून विषय थांबणार नाही.

७. आता मेल पुन्हा लिहा

वरच्या सहा पायऱ्यांनंतर तोच मेल असा होतो:

> विषय: हौदाची गळती: १२ मेपर्यंत पाहणी, २३ मेपर्यंत दुरुस्ती
>
> काका, नमस्कार.
>
> अंगणातल्या हौदातून पाणी गळत आहे. ६ मेच्या रात्री १० ते ७ मेच्या सकाळी ६ या वेळात मोटर आणि नळाची तोटी बंद ठेवून पातळी मोजली. ती ८ सेंटीमीटर उतरली, म्हणजे आठ तासांत सुमारे २४० लिटर पाणी गेले. दोन्ही वेळचे फोटो सोबत आहेत. पाणी तळापर्यंत उतरते, त्यामुळे भेग तळाच्या कोपऱ्यात असावी असे वाटते.
>
> याबद्दल १८ एप्रिलला फोनवर बोलणे झाले तेव्हा तुम्ही दोन दिवसांत गवंडी पाठवतो म्हणाला होतात. २ मे रोजी मी व्हॉट्सॲपवर आठवण केली. काम अजून सुरू झालेले नाही. नळाची पुढची पाळी येण्याआधीच हौद रिकामा होतो, म्हणून आतापर्यंत दोन टँकर घ्यावे लागले. त्यांच्या १,६०० रुपयांच्या पावत्या जोडल्या आहेत. मे महिन्याचे भाडे १ तारखेला जमा केले आहे.
>
> पुढील तीन गोष्टी होणे आवश्यक आहे:
>
> १. सोमवार, १२ मेपर्यंत गवंड्याने येऊन हौद पाहावा.
> २. काम सुरू होण्यापूर्वी १००० लिटरची टाकी आणून ठेवावी, कारण त्या काळात हौद वापरता येणार नाही.
> ३. प्लास्टर मुरण्याचे दिवस धरून शुक्रवार, २३ मेपर्यंत हौद पुन्हा वापरात यावा.
>
> टँकरचे १,६०० रुपये जूनच्या भाड्यातून वळते करायचे की तुम्ही वेगळे देणार, हे कृपया कळवा.
>
> सकाळी ८ ते ११ घरी कोणीतरी असते, त्या वेळात गवंड्याला कधीही पाठवा. प्लास्टरला दोन वेळा पाणी मारण्याचे काम आम्ही करू. १२ तारखेपर्यंत पाहणी झाली नाही तर मी दोन गवंड्यांकडून खर्चाचा अंदाज घेऊन १३ तारखेला तुम्हाला पाठवीन.
>
> (तुमचे नाव, मोबाइल क्रमांक, घराचा पत्ता)

पहिल्या मसुद्यापेक्षा हा मोठा आहे, पण काकांना विचारात पाडेल असं यात एकही वाक्य नाही. सगळं तयार आहे, त्यांनी फक्त गवंड्याला फोन करायचा आहे. ‘प्लास्टरला पाणी आम्ही मारू’ ही ओळ मुद्दाम आहे. गावाबाहेरच्या घरमालकाची खरी अडचण असते देखरेखीची. तुम्ही फुकटात देऊ शकता अशी एक गोष्ट दिलीत की मेलचा सूर आपोआप उतरतो, आणि मागणी मात्र कणभरही कमी होत नाही.

८. पाठवण्यापूर्वी आणि पाठवताना

मेल रात्री लिहिला असेल तर सकाळी पाठवा. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, आणि घरमालकांच्या सुनेने किंवा मुलाने तो वाचला तर चालेल का, हे पाहा. बहुतेक घरांत मेल तेच उघडतात आणि काकांना वाचून दाखवतात. वाचून दाखवताना ज्या ओळीला वाचणारा अडखळेल, ती बदला.

फोटो तीनच जोडा: रात्रीची रेघ, सकाळची रेघ, भेगेची जागा. पंधरा फोटो पाठवले तर नेमका महत्त्वाचा बघितला जात नाही. मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ पुरे: ‘काका, हौदाबद्दल सविस्तर मेल केला आहे, पाहून कळवा.’ मेलमधला मजकूर तिथे पुन्हा टाकू नका, नाहीतर उत्तर एका ठिकाणी आणि मागणी दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी होते. भाडेकरू म्हणून कलम १४ चा आधार घ्यायचा असेल तर याच मजकुराची प्रत स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पोस्टाची पावती जपा.

९. उत्तर आल्यावर

‘बघतो’ असं उत्तर आलं तर त्यावर रागावू नका, तारीख परत द्या: ‘ठीक आहे काका, मग सोमवार १२ तारीख धरतो.’ ‘गवंडी मिळत नाही’ असं आलं तर तुम्ही मिळवलेल्या गवंड्याचा नंबर द्या.

जपून उत्तर द्यायचं ते ‘तुम्हीच करून घ्या, भाड्यातून कापा’ या फोनला. ऐकायला ते चांगलं वाटतं, पण हाच पुढच्या भांडणाचा सर्वांत सामान्य उगम आहे. काम ९,००० रुपयांचं झालं की ‘मला वाटलं दोन हजारांत होईल’ असं ऐकावं लागतं. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, फोन ठेवल्या ठेवल्या हे पाठवा:

> काका, आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे हौदाचे काम मी करून घेतो. गवंड्याने मजुरी आणि माल मिळून ९,००० रुपये सांगितले आहेत, अंदाजपत्रक सोबत आहे. ही रक्कम जून आणि जुलैच्या भाड्यातून प्रत्येकी ४,५०० अशी वळती करीन. तुमचा होकार या मेलवर आला की गवंड्याला परवापासून बोलावतो.

होकार ‘हो’ एवढ्या एका अक्षरात आला तरी पुरतो. तो येईपर्यंत हौदाला हात लावू नका.